अंबाक्कांचा होकार

हरिप्रियेचं फिल्मचं निवेदन आधीच लिहून तयार होतं, आणि तिला त्याचा अभिमानही होता. त्यात 'बिचारी' नव्हती, 'पोटाची खळगी' नव्हती. 'अंबाक्का पहाटे पूक्कारत्तेरूच्या बाजारात फुलं निवडतात. कदंबाची, म्हणजे मिश्र फुलांची, वेणी कशी बांधायची, हे त्यांचे हात ठरवतात.' मधे मधे लाल शाईत सूचना होत्या: 'थांबा. कॅमेरा पिशवीत. आधी विचारा.' 'गिऱ्हाईक आलं. विचारा, नाहीतर फक्त हात घ्या.' 'मुलं नकोत.'

तंजावूरच्या फुलवालीचा एक दिवस, पाच मिनिटांत. फिल्म जमली तर इथल्याच एका वाहिनीवर अशा फिल्मांची अख्खी मालिका तिला मिळणार होती. बँकेतली नोकरी सोडून ती याच्याच मागे लागली होती.

विचारायला ती अंबाक्कांच्या घरी गेली, आणि आपल्या घरची रीत म्हणून तांबूल, केळी, हळदकुंकू घेऊन गेली. अंबाक्काही मराठीच, आईच्या माहेरच्या नात्यातल्या. हरिप्रियेने सगळं नीट सांगितलं: चित्रण कुठे दाखवणार, किती दिवस ठेवणार, तळहात वर केला की कॅमेरा बंद, नको वाटलं तर शेवटीसुद्धा नाही म्हणायचं. अंबाक्कांनी तांबूल घेतलं आणि म्हणाल्या, "सरी, बरं." मग हेच सगळं कॅमेऱ्यासमोर पुन्हा विचारून त्यांचा होकार टिपला. काम चोख होतं.

दुसऱ्या दिवशी मेल वीथीच्या कोपऱ्यावर, अंबाक्कांच्या बसायच्या जागी, चित्रण सुरू झालं. ओल्या कापडावर जाई, मरवा, दवणा आणि लाल कण्हेर वेगवेगळी मांडलेली. केळीच्या सोपाच्या भिजवलेल्या धाग्यात अंबाक्का दोन बोटांनी फुलं गुंफत होत्या आणि वेणी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, मुळम या मापाने, मोजून देत होत्या. मोजताना हात जरा पुढे सरकायचा, म्हणून गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच यायची. तिच्यासोबत आलेला कार्तिक कॅमेरा धरत होता. प्रत्येक गिऱ्हाइकाला हरिप्रिया आधी तमिळमध्ये विचारायची. कुणी हसून हो म्हणे, कुणी पदर ओढून पुढे जाई, आणि कॅमेरा मुकाट्याने खाली जाई.

अंबाक्कांचा तळहात मात्र एकदाही वर आला नाही. फक्त कॅमेरा चेहऱ्यावर आला की त्या वेणीवर खाली वाकत. एकदा धागाच तुटला. मग एका ओळखीच्या बाईने काहीतरी चिडवलं, अंबाक्का मान वर करून मनापासून हसल्या, आणि ते हसू कार्तिकने बरोबर पकडलं. फिल्म तिथेच जमली, हे दोघांनाही कळलं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने टिपलेलं सगळं त्यांना दाखवलं. हसण्याच्या जागी अंबाक्का पडद्याकडे बघत राहिल्या.

"हे ठेवू का?"

"तुमची मर्जी," त्या म्हणाल्या.

आपल्या लोकांत 'तुमची मर्जी' कधी म्हणतात, हे हरिप्रियेला पुरतं ठाऊक होतं. लग्न ठरताना निश्चितार्थाचं तांबूल घेतल्यावर मुलीकडचे असंच म्हणतात. तांबूल घेतलं म्हणजे शब्द दिला, आणि दिलेला शब्द मोडणं म्हणजे नाक कापणं. एवढे प्रश्न विचारले, पण त्याआधी 'नाही' म्हणण्याची वाट आपणच पानसुपारीने बुजवून ठेवली. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"अंबाक्का," ती शेजारी जमिनीवर बसली, "ते तांबूल पाहुणीचं होतं, कॅमेऱ्याचं नव्हतं. त्याने तुम्हाला शब्दाला बांधलं नाही. नको म्हटलंत तर उद्याही मी वेणी इथेच घेईन, आणि आईला यातलं काही कळणार नाही. आता परत विचारते."

अंबाक्कांनी फुलांवर पाणी शिंपडलं.

"तसं अहे तर, बाळे, चेहरा नको."

कारण तिने विचारलं नाही. नकाराला कारण जोडावंच लागतं, असं कुठे आहे? कार्तिक हळूच म्हणाला की तेवढं हसू राहू दे, ओळखणार कोण? ती म्हणाली, त्या स्वतः ओळखतील. मग कॅमेऱ्याच्या कार्डावरून आणि संगणकातल्या प्रतीतूनही, जिथे जिथे चेहरा होता तिथून तो अंबाक्कांच्या समोर पुसला. वाहिनीवाले चेहऱ्याशिवाय फिल्म घेतील की नाही, देव जाणे. आता हातात होते फक्त हात, फुलं आणि तिचं लिहिलेलं निवेदन.

ती सामान आवरू लागली, तेवढ्यात अंबाक्कांनी कागदाकडे बोट दाखवलं. त्यात काय लिहिलंय, हे विचारलं. हरिप्रियेने वाचून दाखवलं. अंबाक्का ऐकता ऐकता खुदकन हसल्या, आणि या वेळी कॅमेरा पिशवीत होता.

"हे माझं मी सांगतें," त्या म्हणाल्या. "चेहरा नाही, आवाज घे. हा मी देतें."