सगळीकडे सावधान

गाडी पाठवली होती कारखान्याने, तेव्हाच मला कळायला हवं होतं. अनुवाद करणाऱ्या बाईला कोणी गाडी पाठवत नाही. इतक्या वर्षांत मला कोणी रिक्षाचे पैसेही विचारले नव्हते, आणि त्या दिवशी सकाळी दहा वाजता दारात पांढरी गाडी, आत एसी, ड्रायव्हर नमस्कार करतोय. मी खूश होऊन बसले. मूर्खपणा माझा.

कारखाना रत्नागिरीच्या बाहेर, एमआयडीसीत. आंब्याचा रस, फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी असं डब्यात भरून परदेशी पाठवतात. भाजीचे सीलबंद डबे मोठ्या लोखंडी भांड्यात वाफेच्या दाबाखाली शिजवावे लागतात. त्या भांड्याला तिथे सगळे रिटॉर्ट म्हणतात. तीन आठवड्यांपूर्वी एका रिटॉर्टचं झाकण आत दाब असतानाच उघडलं गेलं. उघडणारा गंगाराम बाजूला होता म्हणून वाचला. समोर उभा असलेला लवू भाजला. चेहरा, छाती, आणि एक डोळा अजून उघडत नव्हता.

हे सगळं मला गाडीतून उतरल्यावर मॅनेजर सुजय यांनी सांगितलं. मग त्यांनी मला मीटिंगच्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि एक कागद पुढे केला.

"भार्गवीताई, चौकशी आज संपवायची आहे. तुम्ही फक्त इथे सही करा."

कागदावर एकच वाक्य होतं. रिटॉर्टवरील मराठी सूचना मूळ इंग्रजी सूचनांशी तंतोतंत जुळतात, असं मी, भार्गवी अमुक तमुक, प्रमाणित करते.

"हे प्रमाणपत्र मी चार वर्षांपूर्वी दिलंय," मी म्हटलं.

"तेच पुन्हा. ताज्या तारखेचं. सूचना मराठीत होती, बरोबर होती, तरी गंगारामने डावलली. एवढं सिद्ध झालं की काम संपलं."

"आणि गंगाराम?"

सुजयनी खांदे उडवले. "कामावरून जाईल. नियम आहे."

त्यांनी सूचनांच्या स्टिकरांचे फोटो टेबलावर ठेवले. झाकणावर तीन स्टिकर, एकाखाली एक. तिन्हींवर ठळक अक्षरात एकच शब्द: सावधान. मूळचे स्टिकर रंगीत होते, लाल, नारिंगी आणि पिवळा. वाफेने ते वर्षभरात सोलून निघाले, म्हणून ऑफिसातल्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर नवे छापून चिकटवले होते. रंग गेले आणि मागे उरलं फक्त माझं मराठी.

आता माझं पाप सांगते. इंग्रजीत त्या तीन स्टिकरांवर तीन वेगळे शब्द होते आणि ते कोणी उगाच सजावटीसाठी घातले नव्हते. डेंजर म्हणजे टाळलं नाही तर माणूस मरणारच किंवा कायमचा जायबंदी होणारच. वॉर्निंग म्हणजे तसं होऊ शकतं. कॉशन म्हणजे लागेल, भाजेल, पण किरकोळ. ही उतरंड आहे, आणि जगभरच्या मशिनांवर ती याच क्रमाने लावतात. मी तेव्हा ती नीट ठेवली होती: धोका, इशारा, खबरदारी. मला हे काम देणाऱ्या पुण्याच्या भाषांतर एजन्सीतल्या दर्शनने मसुदा परत पाठवला. म्हणाला, आपल्या शब्दसूचीत तिन्हींना सावधान आहे, सगळीकडे एकसारखं दिसलं पाहिजे, आणि धोका लिहिलं की गिऱ्हाईक बिचकतं. मजकुरातलं 'मृत्यू होतो' सुद्धा त्याने 'इजा होऊ शकते' करून टाकलं होतं. मी एक लांबलचक मेल लिहिलं, भांडले. त्याचं उत्तर आलं, शब्दसूची बदलता येत नाही. तेव्हा माझ्या हातात आणखी दोन कामं होती. मी एका शब्दात उत्तर दिलं.

चालेल.

आपल्याकडे हा शब्द किती स्वस्त आहे! भाजीत मीठ कमी पडलं, चालेल. पाहुणे उशिरा आले, चालेल. मी तो रिटॉर्टच्या झाकणावर चिकटवला आणि खाली सही केली.

फोन वाजला. दर्शनच होता. "मॅडम, करून टाका सही. नाही केलीत तर आधीच्या सहीचं काय? तुम्ही तेव्हा खोटं प्रमाणपत्र दिलंत असं होईल. आम्ही तरी तुम्हाला पुढे काम कसं देणार?"

प्रेमाने बोलत होता. तेच जास्त वाईट. सही केली तर गंगाराम जाणार. नाही केली तर मी जाणार, तेही माझ्याच जुन्या सहीच्या दोरीने. खोलीला खिडकी होती, पण एसीसाठी ती कायमची बंद केलेली.

"मला गंगारामशी बोलायचंय," मी म्हटलं.

"त्याची काय गरज?"

"सही माझी आहे ना? मग गरजही माझी."

गंगाराम आला. पन्नाशीचा, हडकुळा, हातात टोपी. बसला नाही. त्याच्यामागून सेफ्टीचं काम बघणारा मुकुल आला आणि दाराशी उभा राहिला. मी गंगारामला विचारलं, त्या दिवशी काय झालं.

"दाबाचा काटा शून्यावर व्हता बाय," तो म्हणाला. "म्हनून बोल्ट सैल केले. काटा अडाकला व्हता ता माला काय ठावं."

"त्या झाकणावर छोटा कॉक आहे, वाफ सोडायची तोटी. तो उघडून वाफ येत नाही ना, हे बघायचं असतं. तसं स्टिकरवर लिहिलंय."

"लिवलंय. बगायचे पयले-पयले. मग सोडला. कोन बगत नाय." त्याने मान खाली घातली. "माजाच चुकला."

"पण हातमोजे घातले होते?"

"ते कदी चुकवत नाय. ता पन लिवलंय."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो मला अजिबात आवडला नाही. गरम झाकणाला हात लावू नका, हे सावधान. कॉक न बघता झाकण उघडू नका, हेही सावधान. गरम झाकणाचं सावधान रोज हातमोज्यातूनही झळ लागून त्याला खरं वाटत होतं. कॉकचं सावधान चार वर्षं काही न होता गेलं, म्हणून ते त्याच्या लेखी त्याहून हलकं झालं. माणसाने जे शिकायला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं तो शिकला, आणि त्याला शिकवलं मी.

मी मुकुलला म्हटलं, "पॅकिंगच्या बायांतली एक बोलवा. वाचता येणारी."

सुजय म्हणाले, "ताई, हे काय चाललंय?"

"प्रमाणित करायचं म्हणता ना? मग तपासते."

नम्रता आली, डोक्याला जाळी, हातांना डिंकाचा वास. मी तिन्ही फोटो तिच्यापुढे ठेवले. "यातलं कोणतं चुकवलं तर माणूस मरतो?"

तिने तिन्ही वाचले. पुन्हा वाचले. मग हसून म्हणाली, "सगळ्यांवं सावधान हाय. मंजे सगळा सारकाच ना?"

मग मी तिथल्याच कोऱ्या कागदावर माझे जुने शब्द लिहिले. धोका, आणि खाली: कॉक न तपासता झाकण उघडल्यास मृत्यू होतो. इशारा: वर टांगलेली डब्यांची जाळी अंगावर पडल्यास मृत्यू होऊ शकतो. खबरदारी: झाकण गरम आहे, हात भाजेल. नम्रताने धोक्यावर लगेच बोट ठेवलं. इशारा आणि खबरदारी यांत ती अडखळली, शब्दांवरून तिला वरचं-खालचं ठरवता येईना. खालचं वाक्य वाचून मात्र ठरवलं. म्हणजे माझे जुने शब्दही एकटे पुरेसे नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं. चार वर्षं मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

मुकुल पुढे आला. म्हणाला, "सर, रंगही आपणच घालवलेत. मी दोनदा लिहून दिलं होतं."

सुजयनी फोटो गोळा करायला घेतले. त्यांच्याही वर कुणीतरी बसलेलं असणार. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता आणि त्यांची दया यायला मला वेळ नव्हता.

मी कागद ओढला. छापलेल्या वाक्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: मूळ इंग्रजीतील तीन पातळ्या मराठीत एकच झाल्या आहेत. जीवघेण्या धोक्याची सूचना किरकोळ इजेच्या सूचनेपेक्षा वेगळी दिसत नाही. हे मला तेव्हाच ठाऊक होतं आणि तरीही मी ते प्रमाणित केलं. सही. तारीख.

धीटपणा वगैरे काही वाटला नाही. घरच्या पायरीवरून पाय निसटावा तसं वाटलं.

सुजयनी कागद वाचला, घडी केली आणि खिशात घातला. "आता गंगारामचं प्रकरण लांबेल," एवढंच म्हणाले. मुकुलने सांगितलं, तो आजच सगळ्या रिटॉर्टवर लाल कागद लावतो, स्टिकर येईपर्यंत. आणि मला परत सोडायला गाडी नव्हती. ते बरोबरच होतं.

फाटकाबाहेर ऊन रणरणत होतं. गंगाराम माझ्यामागून चालत आला.

"बाय, मंग माजा चुकला नाय?"

"तुमच्या आधी माझं चुकलं."

त्याने हातातली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "तीन आटवडे मी लवूकडं गेलो नाय. त्येच्या आयशीम्होरं हुबा ऱ्हायाला व्हत नाय माला. तुमी चला माज्यासंगट."

नाही म्हणायला माझ्याकडे हजार कारणं होती. रिक्षा मिळाली आणि आम्ही गेलो.

लवूचं घर चिऱ्याचं, पुढे सारवलेली पडवी. लवू आत झोपला होता, चेहऱ्यावर पट्टी. त्याची आई यमुनाबाई पडवीत बसली होती. तिने गंगारामकडे पाहिलं आणि त्याला बसायला पाट सरकवला. मग माझ्याकडे पाहिलं. "ह्या कोन?"

गंगाराम माझ्याकडे बघू लागला. तो सांगणार नव्हता. सांगणं माझं होतं.

"त्या मशिनवरचं मराठी मी लिहिलंय," मी म्हटलं. "ते नीट लिहिलं असतं तर कदाचित झाकण उघडलं गेलं नसतं."

यमुनाबाई रागावली नाही. मला वाटत होतं रागवावं. तिने आतल्या खाटेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माला वाचता येत नाय बाय. माज्या लवूला येता. लय आवड. पाटी दिसली का वाचतो, पुडीचा कागद बी टाकीत नाय, वाचून बगतो." ती थांबली. "तुमचा बी वाचला असंल ना त्यानं?"

"हो," मी म्हटलं. "वाचला असेल."