दादाचा खडा आणि ठमीचा ताप

माझ्या भावाला आयुष्यात एकच मोठं दुखणं झालं आणि त्याचा त्याला भारी अभिमान आहे. मुतखडा. तो पडला तेव्हा दादाने चहाच्या गाळणीत पकडला, धुतला आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून शोकेसमध्ये ठेवला. गाळणी मी फेकून दिली, तर माझ्यावरच रागावला. तेव्हापासून ओळखीतल्या कुणी कंबरेला हात लावला की दादाची डॉक्टरकी सुरू होते.

त्यामुळे त्याच्या मुलीच्या, ठमीच्या, उजव्या कुशीत मागून दुखायला लागलं तेव्हा तो घाबरला नाहीच, उलट जरा खूशच झाला असं मला वाटलं.

"खडाच. माझीच मुलगी ती," तो म्हणाला. तांब्यावर तांब्या पाणी पाजलं आणि त्याच्या जुन्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या तिला द्यायला लागला. गोळी घेतली की दुखणं उतरायचं, म्हणजे निदान बरोबर, असा त्याचा हिशोब. मधूनच ती थंडीने कुडकुडायची, तेव्हा तो पंखा बंद करून दुसरं पांघरूण घालायचा.

मी समोरच्या घरात राहते, शिवणकाम करते. दुपारी मशीन बंद करून गेले तर ठमी भिंतीकडे तोंड करून पडलेली. कपाळाला हात लावला, घामाने ओलं. उलट्या सुरू झाल्या होत्या, गोळीसुद्धा पोटात राहत नव्हती. उठून बाथरूमला गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. आतून दात आवळून दाबलेला आवाज आला. आली ती भिंत धरून.

"जळतं का गं?" मी हळूच विचारलं.

तिने मान हलवली. "दुखायच्या आधीपासून. सारखं जावंसं वाटतं आणि थेंबभर होते." मग माझा हात धरून म्हणाली, "आत्या, बाबांना सांगू नकोस."

आता चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळणारी, गिऱ्हाइकांना खडसावणारी ही मुलगी, पण बापापुढे या एका बाबतीत तोंडात मिठाची गुळणी. तिचा दोष नाही. वहिनी गेली तेव्हा ठमी लहान होती. दादाने तिची वेणी घातली, डबे भरले, अभ्यास घेतला, सगळं केलं. पण तिला पहिल्यांदा पाळी आली त्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाला, "तिला तुला काहीतरी विचारायचंय," आणि जो फिरायला गेला तो दिवेलागणीला परतला. त्या घरात कंबरेच्या खाली शरीर नसतंच.

मी म्हटलं, "चल, दवाखान्यात." दादा म्हणाला, "खडा पडायला डॉक्टर कशाला लागतो?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी ठमीला विचारलं आणि उत्तर दादाने दिलं. कुठे दुखतं, कुठून कुठे जातं, पाणी किती पाजलं, त्याचा स्वतःचा खडा केवढा होता. ठमी खाली बघत होती. थर्मामीटर लावलं, ताप नाही. दादाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बाई कागदावर लिहायला लागल्या आणि मला कळलं की आता घोडं इथेच अडणार. ठमीने शपथ घातल्यासारखा माझा हात दाबून धरला होता.

"दादा, बाहेर जा," मी म्हटलं.

"का?"

"मी सांगते म्हणून."

तो गेला. दार लागलं तशी ठमी रडायला लागली आणि रडता रडता सगळं बोलली. जळजळ, सारखी घाई, गढूळ लघवी, थंडी वाजून येणं. दुकानातलं स्वच्छतागृह लांब म्हणून दिवसभर पाणीच पीत नव्हती, तेही बोलली. पाळी कधी आली होती ते बाईंनी विचारलं आणि दिवस गेलेत का याचीही तपासणी लिहिली, औषध ठरवायला लागते म्हणून. दिवस गेलेले नाहीत, असं नंतर त्या तपासणीत कळलं. मग त्यांनी तिला बसवून पाठीत, शेवटच्या बरगडीखाली, मुठीने हलकेच ठोकलं. डावीकडे काही नाही. उजवीकडे ठमी कळवळली.

"गोळ्या कुठल्या घेतल्या?"

दादाला आत बोलावलं. पाकीट त्याच्या खिशातच होतं. बाईंनी उलटं करून वाचलं.

"या दुखण्याच्या गोळ्या ताप पण उतरवतात, काका. ताप गेलेला नाही, झाकला गेलाय. नाडी बघा केवढी जोरात चाललीय. खड्याची कळ लाटेसारखी येते, जांघेपर्यंत उतरते. माणूस तळमळतो, एका जागी टिकत नाही. तुम्हाला आठवत असेल."

दादाला चांगलंच आठवत होतं.

"ही हलायलाच बघत नाही. आधी लघवीला जळजळ, मग थंडीताप, मग कुशीत दुखणं. जंतू खालून वर मूत्रपिंडापर्यंत गेलेत असं वाटतंय. आता या गोळ्या बंद, मूत्रपिंडाला त्या बऱ्या नाहीत."

"म्हणजे खडा नाही?" दादाचा आवाज बारीक झाला.

"ते सोनोग्राफीत बघू. खडा अडकलेला असेल आणि त्याच्यामागे जंतू तुंबले असतील, तर ते सगळ्यात वाईट. नुसत्या औषधाने भागत नाही, नळी घालून लघवी लगेच मोकळी करावी लागते. उशीर झाला तर जिवावर बेततं."

लघवी तपासायला गेली, त्यात पू होता. कुठले जंतू आणि त्यांना कुठलं औषध लागू पडतं ते कळावं म्हणून औषधाआधी एक नमुना वेगळा पाठवला. रक्त घेतलं. मग सिस्टरने सलाईन लावून इंजेक्शन सुरू केलं आणि ठमीला सोनोग्राफीला नेलं.

आम्ही बाकावर बसलो. ज्या खड्यासाठी तो दोन दिवस हट्ट धरून बसला होता, तो नसावा म्हणून दादा आता हात जोडून बसला होता. मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही होता, पण ते जोडलेले हात बघून तो टिकला नाही.

"माझ्यासमोर का नाही बोलली ती?" त्याने विचारलं.

"तू कधी विचारलंस?"

"मी सगळं विचारलं तिला."

"जे तुला झालं होतं ते विचारलंस, दादा. तिला काय होतंय ते नाही विचारलंस."



बाई स्वतः सांगायला आल्या. मूत्रपिंड सुजलं होतं, पण लघवी कुठे तुंबलेली नव्हती. खडा दिसला नाही. बारीकसा कधी सोनोग्राफीत सुटतो, म्हणून ताप हटला नाही तर सीटी स्कॅन करू, म्हणाल्या. ताप लगेच उतरणार नाही, घाबरू नका, हेही सांगितलं. दादा चेहरा पुसायला बेसिनकडे गेला आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला. नळाच्या आवाजाने माणसाचं रडणं झाकलं जात नाही, पण मी ऐकलं नाही असं दाखवलं.

ठमीला दवाखान्यातच ठेवून घेतलं. ताप दुसऱ्या दिवशीही चढला. त्याच्या पुढच्या दिवशी ठमीने भुकेची तक्रार केली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. लघवीचा अहवाल आला, चालू औषधच लागू होतं. आता तेच गोळ्यांतून द्यायचं आणि बरं वाटलं तरी पुरतं संपवायचं, असं ठरलं.

बाई राउंडला आल्या तेव्हा शेजारच्या खाटांवरचे, त्यांना भेटायला आलेले, सगळे आमच्याकडेच बघत होते. बाईंनी विचारलं, "लघवीचं कसं काय?" ठमीने दादाकडे एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी तोंड उघडणार, तोच दादा खुर्चीतून पुढे सरकला. त्याचे कान लालभडक झाले होते.

"ठमे, जळजळ होते का गं अजून?" त्याने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "रंग कसा आहे? सारखं जावं लागतं का?"

ती बघतच राहिली त्याच्याकडे.

"सकाळी थोडी झाली, बाबा," ती म्हणाली. "आता नाही होत."