तापट मामा

बावीस वर्षांच्या मुलीचं बीपी दोनशे, वर धडधड आणि घाम. "औषधं?" मी विचारलं. "काहीच नाही," आई म्हणाली. अ‍ॅड्रेनलिन सोडणाऱ्या गाठीचा सुगावा देणारं मेटानेफ्रिन रक्तात वाढलेलं निघालं, तेव्हा मुलगी पुटपुटली, "डोकेदुखीची अमिट्रिप्टिलिन घेते." त्यानेही आकडा फुगतो. मी वैतागलो. गोळी हळूहळू बंद केली, दोन आठवड्यांनी अर्धा तास आडवं झोपवून पुन्हा रक्त घेतलं. आकडा तरीही मर्यादेच्या चौपट आला, आणि स्कॅनमध्ये मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ दिसली.

"इतक्या तरुणपणी हे बरेचदा घराण्यातून येतं. जनुकांची तपासणी करू. घरात कुणाला असं व्हायचं?"

"माझ्या भावाला. पांढराफटक पडायचा, घामाने निथळायचा. सगळे त्याला तापट म्हणायचे. तिशीतच गेला. मीच त्याला म्हणायचे, जरा शांत राहायला शीक."