बीममधली सहा भोकं

हे लिहायचंच नाही, असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं.

नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळपासून तो आपल्या जागी येणाऱ्या मुलीसाठी नोट टाइप करत बसला होता. सात वर्षं याच खुर्चीत, कॉम्प्युटरवर बिल्डिंगची ड्रॉइंग काढण्यात गेलेली. कुठला कोर्स नाही, डिप्लोमा नाही, बघून बघून शिकलेला. तरी ऑफिसात सगळे त्याला मास्तर म्हणायचे.

नोट चार पानांची झाली होती. नवीन ड्रॉइंग नेहमी टेम्पलेटमधूनच, म्हणजे ठरलेल्या तयार साच्यातूनच, उघडायचं. भिंती, बीम, पाइप, मापं, ज्याचं त्याने आपापल्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, राहायचं. डेफपॉइंट्स नावाच्या लेयरवर काहीही काढायचं नाही. चालू काम 'काम' फोल्डरमध्ये. साइटला गेलेली पीडीएफ 'पाठवलेले'मध्ये, तारीख घालून, आणि तिला पुन्हा कोणी हात लावायचा नाही.

"दादा, सगळं कळलं," त्याच्या खांद्यावरून वाचत मुलगी म्हणाली. "पण टेम्पलेटच कशाला? दुसरी बिल्डिंग पहिलीसारखीच आहे ना? जुनी फाइल नव्या नावाने सेव्ह ॲज केली, दहा मिनिटांत झालं काम. बघा, प्रिंटही काढली!"

कागद अजून कोमट होता. त्याने तो टेबलावर पसरला आणि बीमवरून बोट फिरवलं.

"पाइपांसाठी बीममध्ये भोकं ठेवायचीत, ती कुठायत?"

"ही काय." तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. सहा गोल, ठळक. मग कागद पाहिला. बीम कोरा. "अय्या! प्रिंटर गंडलाय का?"

"प्रिंटर नाही. मी."

तिने खुर्ची ओढली.

"भोकाचं चिन्ह मी एकदाच काढून ब्लॉक करून ठेवलं होतं, शिक्क्यासारखं, हवं तिथे उमटवायला. नवा होतो तेव्हा. ते गोल डेफपॉइंट्सवर काढले. तो लेयर प्रोग्रॅम स्वतःच बनवतो. स्क्रीनवर दिसतो, कागदावर उतरत नाही. ब्लॉक कुठल्याही लेयरवर ठेव, आतला गोल डेफपॉइंट्सवरच राहतो. टेम्पलेटमधला ब्लॉक मी नंतर दुरुस्त केला. जुन्या फाइलींत मात्र जुनाच बसलाय."

"मग हे नोटमध्ये का नाही लिहिलंत? नुसतं 'करू नका' म्हटलं तर कोण ऐकतंय! मी तर नाहीच."

मुद्दामच लिहिलं नव्हतं. कारण खरं उत्तर लंबूपाशी जात होतं.

लंबू पहिल्या बिल्डिंगचा सुपरवायझर, त्याचा जिवलग दोस्त. दोन वर्षांपूर्वी तिथे ते चिन्ह पहिल्यांदाच वापरलं गेलं, काँक्रीट पडलं, आणि भोकं ठेवलीच गेली नाहीत. मग मशीन लावून बीम पोखरावा लागला. "प्रिंटवर नव्हतीच," लंबू छातीठोकपणे सांगत होता. ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी फाइल उघडली तर सहाही गोल समोर. साइटवरच्या प्रिंटचा पावसापाण्यात लगदा झालेला, आणि पाठवलेली पीडीएफ जपून ठेवायची पद्धत तेव्हा नव्हती. लंबू खोटा पडला. चार दिवसांनी मास्तरला खरी गोम सापडली. त्याने ब्लॉक सुधारला, 'पाठवलेले' फोल्डर केलं, आणि तोंडाला कुलूप लावलं. गेल्याच आठवड्यात दुसऱ्या बिल्डिंगसाठी लंबूचं नाव निघालं तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "नको. त्याला ड्रॉइंग वाचता येत नाही." तेव्हाही हा मान खाली घालून चहा ढवळत बसला.

मुलीने कोरा बीम हळूच घडी घालून त्याच्यासमोर ठेवला. 

त्याने कीबोर्ड ओढला. एका दमात टाइप केलं: जुनी फाइल सेव्ह ॲज करू नका. तिच्यातल्या ब्लॉकमधले गोल छापले जात नाहीत. ही चूक माझी. पहिल्या बिल्डिंगची भोकं याच चुकीने राहून गेली, सुपरवायझरचा त्यात काही दोष नव्हता. पाठवण्याआधी पीडीएफ डोळ्यांनी तपासा, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका.

मग फोन लावला. पलीकडे काँक्रीट मिक्सरचा घरघराट.

"बोल मास्तर! निरोपाचं भाषण आहे का?"

त्याने सगळं सांगितलं. घरघराट लांब गेला. लंबू बाजूला झाला असावा.

"दोन वर्षं," लंबू अखेर म्हणाला. "दोन वर्षं मी प्रत्येक प्रिंट तीनतीनदा वाचतोय, गाढवा. वाटायचं, माझेच डोळे गेले."

"हो."

"हो काय हो! शिव्या द्यायलाही सुचेना मला."

"नंतर दे. सगळ्या ऐकून घेईन."

"आता जाताजाता कशाला सांगतोस? मॅडम नवीन ठिकाणी तुझ्याबद्दल चांगलं सांगणार होत्या ना? ओळ खोड आणि जा निमूट."

काचेपलीकडे केबिनमध्ये मॅडम फाइल चाळत होत्या. मुलीने प्रिंटरमधून नोटची पानं आणून त्याच्या हातात दिली होती, शेवटचं पान वर.

"खोडत नाही," तो म्हणाला. "आत्ता केबिनमध्ये जातो, हे पान आणि हा कोरा बीम दोन्ही ठेवतो त्यांच्यासमोर. तू फोन ठेवू नकोस. तुझं नाव मोकळं झाल्याशिवाय मी या ऑफिसातून बाहेर पडणार नाही, लंबू. शब्द देतो."