ऋण तारेची गळती

उपकेंद्रातल्या बॅटरीच्या डीसी तारेतून जमिनीत गळती होत असल्याचा अलार्म आठव्या दिवशीही वाजत होता. नांदेडहून बदलून आलेले अभियंता महांतेश बझर बंद करायला गेले, तशी ऑपरेटर सबिहा आडवी आली.

"रोज हेच करून राहिलात साहेब! अजून एक गळती झाली तर ब्रेकर उगीच पडून लाइन बंद होईल, न्हाईतर पडायच्या वेळी पडणारच न्हाई. लाइनवर माणसं हायत!"

"गळती शोधायची तर एकेक सर्किट बंद करावं लागेल. त्याला परवानगी लागते."

"सकाळीच घेतलीय."

मीटरवर धन तार जमिनीपासून एकशे आठ व्होल्ट दाखवत होती, ऋण तार फक्त दोन. दोन्हींवर पंचावन्न हवे होते; म्हणजे गळती ऋण तारेत होती. महांतेश एकेक सर्किट बंद करून मीटर बघत आणि ते पुन्हा चालू करत. सातवं बंद केलं आणि दोन्ही आकडे पंचावन्नवर आले. ते यार्डातल्या नव्या ब्रेकरचं होतं.

ते बंदच ठेवून त्यांनी ब्रेकरची पेटी उघडली. पत्र्याच्या धारेखाली दबून केबल सोलली गेली होती. महिन्यापूर्वी ही जोडणी तपासल्याची पेटीतल्या कार्डावरची सही महांतेशांचीच होती.

"न बघता सही केलीत?" सबिहा कडाडली.

"हाव," ते खाली बघून म्हणाले. मग लॉगबुक मागवून त्यांनी स्वतःच तसं लिहिलं. तरी सबिहा दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.