वाढवू नको

द्वारकेच्या चौकात ट्रान्सपोर्टवाल्यांच्या वर माझं ऑफिस आहे. खाली ट्रकचे हॉर्न आणि वर मी, लोकांच्या शुभेच्छा पाठवणारी. कपड्यांचं दुकान असो की दातांचा दवाखाना, सण आला की सगळ्यांना आपल्या गिऱ्हाइकांची एकदम माया येते. मग ते माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "मनाली, सगळ्यांना एक छानसा मेसेज टाक." छानसा मेसेज टाकणं सोपं नाही, हे त्यांना दर वर्षी नव्याने सांगावं लागतं आणि दर वर्षी माझं डोकं तितकंच फिरतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर सगुणाबाई आल्या. भद्रकालीच्या बाजूला त्यांचं रेणुका बांगडी भांडार आहे. जातीच्या कासार, सत्तरीला टेकलेल्या, आणि बोटं अशी की कुठल्याही हातात कुठलीही बांगडी भरतील आणि बाईला कळणारही नाही. सोबत सून हर्षाली होती. मजकूर तिने लिहून आणला होता: नव्या बांगड्या आल्यात, दिवाळीच्या शुभेच्छा, आणि शेवटी, 'संदेश बंद करायचे असल्यास बंद लिहून या नंबरवर पाठवा.'

"ही शेवटची ओळ काढ," सगुणाबाई म्हणाल्या.

"काढता येत नाही, मावशी. जाहिरातीचा मेसेज आहे. नको असेल तर थांबवायचं कसं, हे त्यात लिहावंच लागतं. मजकूर आधी मोबाइल कंपनीकडून मंजूर करून घ्यायचा, आणि मंजूर झाला की त्यातला शब्दही बदलायचा नाही."

"शुभेच्छांना कसली आलीय मंजुरी?"

"नुसत्या शुभेच्छा कुठे आहेत? 'बांगड्या आल्यात, या' असं लिहिलंय ना."

"माझीच गिऱ्हाइकं आहेत गं. बिलावर त्यांनीच नंबर दिलाय."

"बिलासाठी दिलाय," मी म्हणाले. "बिलाचा मेसेज खुशाल पाठवा. जाहिरातीला होकार वेगळा लागतो."

तो होकार हर्षालीने घेतला होता, हे तिचं कौतुक. वर्षभर काउंटरवर प्रत्येकीला 'सणाचे मेसेज पाठवू का?' असं विचारून, हो म्हणतील त्यांचेच नंबर तिने वेगळे ठेवले होते. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले नऊ जण एवढं करत नाहीत.

सगुणाबाईंचं मन मात्र त्या ओळीवरच अडलेलं. "बरं, ओळ ठेव. पण 'बंद' नाही चालायचं. दिवाळीच्या दिवशी बांगड्यांच्या दुकानातून 'बंद' असा शब्द जायचा?"

"मग 'नको' लिहू?" हर्षालीने विचारलं.

"लक्ष्मीपूजनाला 'नको'? वा!" त्यांनी सुनेकडे रागाने पाहिलं. "आपल्यात बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू पुसत नाहीत, वाढवतात. रात्री दुकान वाढवायचं म्हणतो आपण. मेसेजही वाढवायचा."

मी कपाळाला हात लावला. "मावशी, आजकालच्या मुली 'वाढवा' म्हणजे 'जास्त करा' असंच समजतील."

"माझ्या गिऱ्हाइकांना मराठी येतं," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या. त्यांनी पदर सावरला की विषय संपतो. ओळ अशी झाली: 'संदेश वाढवायचे असल्यास वाढवा लिहून या नंबरवर पाठवा.' मराठीत दर सत्तर अक्षरांना, काना-मात्रा सगळं धरून, एका मेसेजचे पैसे पडतात, त्यामुळे नीट समजावून सांगणंही परवडत नव्हतं. मजकूर मंजूर झाला, तेव्हा मला खरं तर आश्चर्यच वाटलं.

हर्षाली नंबर देताना एकावर थांबली. "आई, सुलामावशींचा काढू का? सहादूकाकांना जाऊन तीन महिनेही झाले नाहीत. बांगड्यांचा मेसेज कसा पाठवायचा?"

सुलाबाई त्र्यंबकेश्वरला फुलं-बेल विकतात. त्यांच्या लग्नाचा चुडा सगुणाबाईंनी भरला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक सणाला त्या इथेच येत. नवरा गेला तसं त्यांनी येणं सोडलं. सगुणाबाईही त्यांच्याकडे गेल्या नव्हत्या. कासारणीने अशा घरी कुठल्या तोंडाने जायचं, असं त्यांनीच मला पूर्वी एकदा सांगितलं होतं.

 "राहू दे," सगुणाबाई म्हणाल्या. "ती मला नको म्हणालेली नाही. तिचं नाव मीच काढलं, तर मग आमच्यात उरलं काय?"

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी दहानंतर मेसेज गेला. दुपारपर्यंत माझी स्क्रीन 'वाढवा'ने भरून गेली. एरवी हजारात चार-पाच जणी थांबवतात. इथे उत्तरं यायची थांबेचनात. 'वाढवा'. 'वाढवा प्लीज'. 'सूट पण वाढवा'. एकीने तर 'वाढवा, तुमचे मेसेज खूप गोड असतात' असं लिहून हृदय पाठवलं होतं. आणि जिचं जिचं उत्तर येत होतं, तिचा नंबर यंत्रणा इमानेइतबारे कायमचा बाजूला काढत होती.

मला आधी हसू आलं. मग हर्षालीचा फोन आला आणि हसू गेलं.

"सगळे नंबर परत चालू कर ना, ताई. त्यांना मेसेज हवेत, उघड आहे."

"सगळ्यांना नाही. तुझ्या सासूबाईंच्या वयाच्या ज्या आहेत, त्यांनी खरंच थांबवा म्हटलं असेल. मी कसं ओळखू?"

"मग एकेकीला विचारू या?"

"तेही नाही. थांबवलेल्या माणसाला नव्वद दिवस परत होकार मागायचा नाही, असा नियम आहे. ती स्वतःहून म्हणाली तर गोष्ट वेगळी." मी चिडले होते, पण तिच्यावर नाही. एका शब्दाने चांगली मिळवलेली संमती मातीत घातली होती आणि त्या बायकांना त्याचा पत्ताही नव्हता.

संध्याकाळी सगुणाबाई स्वतः आल्या, जिना चढून, धापा टाकत. त्यांना एकच नंबर पाहायचा होता. सुलाबाईंचं उत्तर आलं होतं. त्या फोनशी बोलून लिहितात, त्यामुळे अक्षर न् अक्षर नीट उमटलं होतं: 'वाढवू नको.'

"मेसेज जास्त पाठवू नको, म्हणतेय," मी हळूच म्हणाले. "म्हणजे थांबवायचं."

"नाही." सगुणाबाईंनी बोट स्क्रीनवर ठेवलं. "सुला माझ्यासारखं बोलते. ती म्हणतेय, बंद करू नको."

"मावशी, दोन्ही अर्थ होतात. आणि दोन अर्थ होत असतील तर मी 'नाही' हाच धरते. चूक झालीच तर मेसेज न जाण्याची होऊ दे."

त्या माझ्याशी भांडतील असं वाटलं होतं. भांडल्या नाहीत. "शब्द माझाच ना," एवढंच म्हणाल्या. "तिला विचारायचंही नाही?"

"मेसेजबद्दल नाही."

त्यांचे डोळे भरून आले आणि मला स्वतःच्या नियमांचा राग आला. तरीही मी तो नंबर बाजूला काढला. सगुणाबाई जिना उतरताना भिंतीला धरून उतरत होत्या. त्यांना मैत्रीण परत हवी होती आणि तीच आता नाही म्हणाली की काय, हे विचारायचीही सोय राहिली नव्हती.

दत्तजयंतीला उरलेल्या नंबरांवर नुसत्या शुभेच्छाच पाठवल्या होत्या, त्यात ती ओळ नव्हती. संक्रांतीच्या आधी नवा मजकूर ठरवायला मी त्यांच्या दुकानात गेले. या वेळी तीन-चार शब्द लिहून नेले होते. सगुणाबाई हं हं करत होत्या, लक्ष कुठेच नव्हतं. हर्षाली काचेच्या बांगड्यांचे तोडे पुसत होती. एवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. मोकळं कपाळ, मोकळे हात, हातात झेंडूच्या माळांची पिशवी.

"सगुणा," ती म्हणाली, "मेसेज का नाय पाठवला गं? दत्तजयंतीला हर्षालीनं सगळ्यास्नी पाठवला म्हने."

या सुलाबाई, हे मला सांगावं लागलं नाही. सगुणाबाई बसल्या जागीच पुढे सरकल्या.

"तूच लिहिलंस ना," त्या म्हणाल्या, "वाढवू नको म्हणून."

"मंग? वाढवू नको म्हनलं, म्हंजी ऱ्हाऊ दे. तुला बी कळंना व्हय?"

"मला कळलं होतं गं," सगुणाबाई म्हणाल्या.

मी मान खाली घातली. यंत्राला दोष द्यायची सोय नव्हती, अर्थ मीच लावला होता. तरी पुन्हा तसं उत्तर आलं तर मी तेच करीन, हेही मला तिथेच कळलं, आणि त्याने मला अजिबात बरं वाटलं नाही.

सुलाबाई पाटावर टेकल्या. थोडा वेळ त्यांनी समोरच्या बांगड्यांकडे पाहिलं. "तो शब्द वाचला आन् ह्ये गेलं तो दिस आठवला बघ," त्या म्हणाल्या. "त्या दिशी नदीवर बी मी ह्येच म्हनलं व्हतं. वाढवू नका, माझ्या बांगड्या हायेत, ऱ्हाऊ द्या. चौघींनी हात धरला. एकीनं बी ऐकलं नाय. फोनवर वाचलं, वाढवायचं असल तर लिवा. असल तर! मला वाटलं, कुनीतरी इचारतंय तरी. म्हून मी पुन्यांदा सांगितलं."

 सगुणाबाई रडत होत्या, सरळ, पदर न लावता. मग त्यांनी डोळे पुसले, सवयीने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. आयुष्यभर त्यांनी न विचारता बायकांचे हात हातात घेतले होते.

"सुला," त्या म्हणाल्या, "भरू?"

"इचारतीस काय? भर की. हिरव्या नको पन, लोक लय बोलत्यात. ती आकाशी दे."

सुलाबाईंच्या हाताचं दोन-चारचं माप त्यांना बघावं लागलं नाही. एकेक बांगडी मनगटावरून सरकत गेली. सुलाबाईंनी हात हलवून आवाज ऐकला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तू, पोरी, माझा नंबर चालू कर. मी सोताच्या तोंडानं सांगतेय."

"करते," मी म्हणाले, आणि तिथेच हर्षालीकडून तसं नोंदवून घेतलं.

निघताना मी नवा मजकूर पुढे केला. शेवटच्या ओळीत एका शब्दाची जागा मोकळी होती. "मावशी, इथे काय लिहू? 'थांबवा' चालेल? ऐकायला मऊ आहे."

सगुणाबाईंनी सुलाबाईंच्या आकाशी हातांकडे पाहिलं.

"'नको' लिही," त्या म्हणाल्या. "संक्रांत असो नाहीतर लक्ष्मीपूजन. बाईने नको म्हटलं की ते नको असंच कळलं पाहिजे."