दाण्याच्या कुटाविना अडीचशे पानं

करारपत्राचं सहावं पान ऋजुताने वाचलं ते गाडीत बसून. मुक्ताची पोहण्याची शिकवणी सुटायला दहा मिनिटं होती. मराठी मंडळाची खजिनदार म्हणून तिला दिवाळी संमेलनासाठी घेतलेल्या सभागृहाच्या भाड्याचा दुसरा हप्ता शाळेला पाठवायचा होता, आणि अध्यक्ष हेमंतदादांनी सही करून ठेवलेला कागद पैसे पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घालावा एवढाच तिचा हेतू होता. पण वाचायला घेतलं की तिला शेवटपर्यंत वाचावंच लागे. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं चार वर्षं वाचून वाचून लागलेली ती सवय.

सहाव्या पानावर लिहिलं होतं : शाळेच्या इमारतीत शेंगदाणे, काजू, बदाम, पिस्ते असा कुठलाही दाणा किंवा त्यापासून केलेला पदार्थ आणता येणार नाही. आणल्यास साडेसातशे डॉलरची अनामत जप्त होईल आणि पुढे सभागृह मिळणार नाही.

तिने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना जेवणाचा सगळा बेत डोळ्यांपुढून गेला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र आतून काहीतरी हलकं झालं, आणि त्या हलकं होण्याचीच तिला भीती वाटली.

कारण ही शाळा सुचवली होती तिनेच. जुन्या कम्युनिटी हॉलने भाडं बत्तीसशेवर नेल्यावर तिने आठवडाभर फोन फिरवले आणि चौदाशेत नाट्यगृह, जेवणघर, सफाई कामगाराचे पैसे असं सगळं बसवलं. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता म्हणतील, बघा, पोरीसाठी केलंन. मुक्ताला शेंगदाण्याची आणि काजूची ॲलर्जी होती. दोन वर्षांची असताना लाडवाचा एक घास खाऊन तिचे ओठ सुजले, श्वास घरघरला. तेव्हापासून ऋजुताच्या पर्समध्ये ॲलर्जी उसळली तर टोचायची इंजेक्शनची दोन पेनं असत आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला मुक्ताचा वेगळा डबा. दरवर्षी तिकिटाबरोबर मुक्ताचं जेवणाचं कूपन येई. दरवर्षी ते पर्सच्या आतल्या कप्प्यात तसंच राही.

रविवारी हेमंतदादांच्या तळघरात बैठक भरली. दिवाळी संमेलनाला तीन आठवडे राहिले होते. समोर चिवड्याची ताटली होती, अर्थातच दाणे घातलेला. मुक्ता वरती हेमंतदादांच्या पत्नी दांडेकरवहिनींपाशी चित्रं रंगवत होती, स्वतःचा डबा स्वतःच्या मांडीवर ठेवून.

"बोला खजिनदारबाई," हेमंतदादा म्हणाले. "बुडालो की तरलो?"

ऋजुताने कागद पुढे सरकवला. "मोठ्यांची एकशे ऐंशी तिकिटं धरलीत, पंचवीस डॉलरने. मुलांची पन्नास, दहाने. झाले पाच हजार. पाच वर्षांखालची वीसेक फुकट, पण ती जेवतात, म्हणून पानं अडीचशे. पानामागे पाच डॉलर वाणसामान. गायक मंडळींचे पंधराशे, हॉलचे चौदाशे, मग विमा, ध्वनियंत्रणा, पत्रावळी. सगळं जाऊन शंभर डॉलर उरतात."

"शंभर!" हेमंतदादांनी तोंडात चिवडा टाकला. "गडगंज झालो की."

"पाच डॉलरात पान कोण देतं गं या गावात?" इंदूकाकू जगताप म्हणाल्या. काकू सोलापूरच्या. चोवीस वर्षं मंडळाचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. संमेलनाच्या आदल्या दिवशी देवळाच्या स्वयंपाकघरात पंधरा जणांना हाताशी घेऊन त्या अडीचशेंचा स्वयंपाक करायच्या, आणि एकाही पदार्थाचं माप कुठे लिहिलेलं नसे. "आम्ही हात झिजवतो म्हणून तुझा हिशेब बसतो. यंदा भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात, श्रीखंड. आणि माझी शेंगाची चटणी. ती नसली तर लोक तिकीट परत मागतील."

ऋजुताने करारपत्र उघडलं. मग सहावं पान वाचून दाखवलं.

हेमंतदादांचा हात चिवड्याच्या ताटलीवर तसाच राहिला.

"म्हणजे कूट नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"कोशिंबिरीत?"

"नाही काकू."

"वांग्यात तरी?"

"कशातच नाही. मसालेभातात काजू नाही, श्रीखंडात पिस्ते नाहीत."

"मग उरलं काय? वाफ?"

हेमंतदादा हसले, आणि काकूंची नजर पडताच गप्प झाले. "अहो, पण सही करताना मी हे..." ते पुटपुटले. "मी पहिलं पान वाचलं होतं. तारीख बरोबर होती."

"मी सांगते," काकू पुढे सरकल्या. "कूट कूट असतं. मसाल्यात मिसळलं की दिसतंय कुणाला? त्या शाळेच्या बाईला काय कळणार वांग्यात काय आहे ते?"

न दिसणारं कूट. ऋजुता चार वर्षं नेमकी त्यालाच भीत आली होती.

"काकू, न दिसणाऱ्यानेच माझी मुलगी हॉस्पिटलात गेली होती."

"हां, आलं लक्षात." काकूंनी चष्मा काढला. "म्हणून ही शाळा होय."

ऋजुताचे कान तापले. रडू आलं असतं, पण समोर कागद होता. कागदावर बोट ठेवलं की तिला धीर यायचा.

"मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते. पण माझं राहू द्या, हे बघा. तीन वाटा आहेत. केटरर बोलवायचा तर पानाला सोळा, म्हणजे साडेसत्तावीसशे जास्त. पंचविसाचं तिकीट चाळीसवर जातं, आणि एकशे बारा तिकिटं आपण पंचविसाने विकून बसलोय. जुना हॉल घ्यायचा तर अठराशे जास्त, शिवाय शाळेचं अर्धं भाडं बुडणार. कूट लपवून न्यायचं आणि पकडले गेलो तर साडेसातशे गेले. शंभर शिल्लक असलेलं मंडळ साडेसहाशेच्या खड्ड्यात. आणि पुढच्या वर्षी हॉल नाही."

"ही चौथी वाट सांगतच नाही," हेमंतदादा हळूच म्हणाले.

"चौथी मला सांगता येत नाही. ती काकूंच्याच हातात आहे."

काकू उठल्या. पर्स खांद्याला लावली. "चोवीस वर्षांत मला कुणी कूट काढ म्हटलं नव्हतं," एवढंच म्हणून जिना चढून गेल्या. वरती मुक्तापाशी दोन मिनिटं थांबल्याचा आवाज आला. मग दार लागलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. ऋजुताने नवऱ्याला दहा वेळा विचारलं, "मी फार बोलले का रे?" तुषार दहाही वेळा "नाही" म्हणाला, शेवटच्या दोन वेळा झोपेत. बुधवारी सकाळी फोन वाजला.

"तीळ चालतात का गं तुझ्या पोरीला?"

"काकू?"

"मीच. तीळ, सुकं खोबरं, खसखस. बोल लवकर, कढई तापलीये."

"तिला चालतात. शाळेला विचारते. पण पाकीट कुठलं आहे? मागे बघा ना, बारीक अक्षरात काही लिहिलंय का."

बराच वेळ कागद चुरचुरला. "लिहिलंय मेल्यांनी. याच कारखान्यात शेंगदाणेही भरले जातात म्हणे. म्हणजे?"

"म्हणजे हे नाही चालणार."

"तिळात दाणे नाहीत, तरी?"

"तरी."

पलीकडे गॅस बंद झाल्याचा आवाज आला. "बाई गं," काकू सावकाश म्हणाल्या, "तू हे रोज करतेस?"

शाळेकडून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : तीळ, खसखस आणि खोबऱ्याला हरकत नाही, फक्त प्रत्येक भांड्यावर त्यात काय आहे त्याची चिठ्ठी लावा. शनिवारी दोघी वाण्याकडे गेल्या. काकू एकावर एक दोन चष्मे लावून मसाल्यांच्या रांगेत उभ्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाकिटं वाचून दाखवत होत्या. "हे बघा, गोडा मसाला! यात दाण्याचा काय संबंध? पण लिहिलंय. ठेवा खाली." शेवटी मसाला घरीच करायचं ठरलं. घरी आल्यावर काकूंनी कपाटातून आपला मिक्सर काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवून दिला. "हा नको. ह्याच्या हाडामांसात दाणे मुरलेत." देवळातल्या कढया आणि झारे दोनदा घासायला मंडळातल्या वसंतराव कुलकर्णींना लावलं. ते तिसऱ्यांदाही घासत बसले, कारण काकू मागे उभ्या होत्या.

आणि ज्या बाईंनी चोवीस वर्षांत एक पावती दिली नव्हती, त्यांनी ऋजुताच्या हातात टाचणी लावलेला गठ्ठा ठेवला. "नवीन मिक्सर, पंचावन्न डॉलर. मंडळाचा. तुझ्या कागदावर चढव."

ऋजुताने चढवला. मग काजू, पिस्ते, बदाम आणि पंचवीस किलो दाणे खोडले, तीळखोबरं वाढवलं. बेरीज केली, पुन्हा केली. मिक्सर धरूनही शिल्लक शंभराची एकशे अठ्ठेचाळीस झाली होती. काजू एवढे महाग पडतात हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

संमेलनाच्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख डेनिसबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली. वांग्यांपाशी थांबल्या. "याला इतका छान वास कशाचा?"

"तीळ. भाजलेले. मंद आचेवर," काकू म्हणाल्या, आणि मग ऋजुताकडे वळून मराठीत, "सांग तिला, कृती मिळणार नाही."

"काकू, चटणी?" ऋजुताने हळूच विचारलं.

"बरणी माझ्या घरी आहे, फ्रीजमध्ये. रात्री जाऊन दार लावून खाणार आहे मी. तेवढा हक्क आहे मला."

मध्यंतरात रांग लागली. हेमंतदादा वांग्याचा घास घेऊन काहीतरी म्हणायला गेले आणि घासच पुन्हा घेतला. कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. दोघांतिघांनी मात्र कुजबुजत विचारलं की यंदा कूट कुठल्या दाण्याचं आहे.

ऋजुता भिंतीपाशी उभी होती. खांद्यावर पर्स, पर्समध्ये दोन पेनं आणि पिशवीत, नेहमीप्रमाणे, मुक्ताचा डबा. तो तिने सकाळी भरला होता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. प्रत्येक पाकीट तिने स्वतः वाचलं होतं, देवळातल्या कढया स्वतः पाहिल्या होत्या. तरी ती रांगेकडे जात नव्हती.

मुक्ता तिच्या समोर आली. परकराचा घोळ एका हातात, दुसऱ्या हातात गुलाबी कूपन.

"आई, इंदूआजी म्हणाली, माझं कूपन घेऊन ये. डब्यातलं नाही, रांगेतलं."

"कधी म्हणाली?"

"दांडेकरकाकूंकडे. जिन्यातून वर आली ना, तेव्हाच."

ऋजुताने वाढण्याच्या टेबलाकडे पाहिलं. काकू डाव हातात धरून इकडेच बघत होत्या. रांग थांबवली होती त्यांनी, आणि मागच्या चाळीस माणसांना डोळ्यांनीच दम भरला होता.

"चल," ऋजुता म्हणाली.

काकूंनी कूपन घेतलं, चष्म्याजवळ नेऊन नीट वाचलं, जसा मसाल्याचा पुडा वाचावा. मग टर्रकन फाडून कूपनांच्या डब्यात टाकलं. "वांगं एक की दोन?"

"तिखट आहे?"

"तुझ्यासाठी बिनतिखटाची कढई वेगळी आहे. त्या कढईतली फक्त तुझी आणि डेनिसची."

मुक्ताने दोन घेतली. सगळ्या मुलींच्या मधोमध, जमिनीवर मांडी घालून बसली. ऋजुता पाच मिनिटं, मग दहा मिनिटं तिचे ओठ बघत राहिली. ओठांना मसाला लागला होता, बाकी काही नाही.

"अगं, आता तू जेव," मागून काकू म्हणाल्या. "की तुझं पान शिल्लक दाखवायचंय हिशेबात?"

ऋजुताने पर्सचा आतला कप्पा उघडला. गेल्या तीन वर्षांची तीन कूपनं तिथे होती, कडा झिजलेली. तिने ती काकूंपुढे धरली.

"ही चालतील?"

काकूंनी तारखा पाहिल्या. "जुनी आहेत," त्या म्हणाल्या आणि तिच्या पानात तीन वांगी वाढली.